आशाताई वळसा घेतील तेव्हा थोरल्याला सोडायचं: गावातल्या एका हँडिकॅप शर्यतीचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं. गावाचं नाव देत नाही, आणि माणसांना नावाऐवजी गाव ज्या कामानं वा नात्यानं ओळखतं तेच वापरलं आहे. मी त्या गावच्या शाळेत खेळाचा शिक्षक. कोणाला कधी सोडायचं हे मीच ठरवत होतो, म्हणून चुकाही बहुतेक माझ्याच आहेत.

## पार्श्वभूमी

आमच्याकडे सकाळी धावतात ती मुख्यतः भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, म्हणून गावातला जो तो त्याच अंतराचं ‘टाइमिंग’ सांगतो. शाळेच्या ग्राउंडवर चुन्यानं आखलेला २०० मीटरचा गोल आहे, त्यावर आठ राउंड मारले की १६०० झाले. पोरांच्या मागेपुढे इतरही काही जण असतात. गावच्या आशा सेविका, म्हणजे आमच्या आशाताई, शुगर आहे म्हणून अर्धं चालत, अर्धं पळत. दूधवाले काका चोपन्न वर्षांचे, सायकलवर कॅन नेऊन सोडायचे आणि परतताना नहराच्या कडेनं हौस म्हणून पळायचे. शिवाय दहावीची एक मुलगी, किराणावाले, शाळेतले एक सहकारी. मिळून सतरा जण.

२६ जानेवारीला ग्रामपंचायतीनं पाच किलोमीटरची शर्यत ठेवली. आदल्या वर्षीच्या शर्यतीत पहिले तीन भरतीवालेच आले होते, आणि ते येणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. बाकीचे पोचेपर्यंत माइकवाला वायर गुंडाळून निघून गेलेला. आशाताई पारापाशी पोचल्या तेव्हा तिथं त्यांच्या मुलीशिवाय कोणी नव्हतं. यंदा त्यांनीच मला विचारलं, “सर, आमाले थोडं आधी सोडता येते का? म्हंजे लोकं असतीन तोवर तरी पोचतो.”

हँडिकॅप शर्यत म्हणजे तेच. सर्वात हळू पळणाऱ्याला सर्वात आधी सोडायचं, सर्वात वेगवानाला शेवटी. अंतर सगळ्यांना सारखंच, घड्याळही एकच. हिशेब बरोबर जमला तर सगळे एकाच वेळी शेवटच्या दोराशी येतात आणि दोर जो आधी ओलांडेल तो जिंकतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या स्टॉवेल गावी १८७८ पासून अशीच हँडिकॅप शर्यत भरते. ती १२० मीटरची असल्यामुळे तिथं वेळेऐवजी मीटर देतात, हळू धावणारा काही मीटर पुढून सुटतो. पाच किलोमीटरला असं करायचं तर आशाताईंना दोन-अडीच किलोमीटरवर नेऊन उभं करावं लागलं असतं. त्यांना पूर्ण पाच धावायचे होते. म्हणून सवलत वेळेचीच द्यायची हे पहिल्या दिवशीच ठरलं.

## अडचण

सुटायच्या वेळेचं सूत्र सोपं आहे. सगळ्यात हळू माणसाला जितका वेळ लागेल असा अंदाज आहे, त्यातून आपला अंदाज वजा करायचा. राहील तितका वेळ आपण थांबायचं. आशाताईंना ३५ मिनिटं आणि मला २५ लागणार असतील, तर मी १० मिनिटांनी सुटायचं.

घोळ सगळा ‘अंदाज’ या शब्दात आहे. सतरा जणांपैकी कोणीही पाच किलोमीटर घड्याळ लावून कधी धावलेलं नव्हतं. भरतीवाल्यांकडे १६०० मीटरचा वेळ होता, तोही आपापल्या मोबाईलवर मोजलेला. बाकीच्यांकडे तेवढंही नव्हतं. किराणावाले म्हणाले, “लिहा सर वीस मिनिट.” त्यांना एकतीस लागली.

रस्त्याचंही तेच. पारापासून नहराच्या कच्च्या रस्त्यानं दुसऱ्या मोरीपर्यंत जाऊन परत येणं म्हणजे पाच किलोमीटर, असं सगळे मोटारसायकलच्या मीटरवरून सांगत. ते मीटर थोडं जास्तच दाखवतं. आम्ही काकांची सायकल घेतली. शाळेच्या टेपनं १०० मीटर मोजून त्यावर चाक चालवून पाहिलं, एका फेऱ्याला २.२ मीटर निघाले. चाकाच्या ताडीला एक पत्ता बांधला, म्हणजे दर फेऱ्याला तो चिमट्याला लागून टक् वाजेल. दर शंभर फेऱ्यांना रस्त्यावर चुन्याची रेघ. २५०० मीटरला ११३६ फेरे होतात. ते पूर्ण झाले तेव्हा आम्ही मोरीच्या दीडशे मीटर पुढे, एका तुरीच्या धुऱ्यापाशी उभे होतो. वळणाचा दगड तिथंच रोवला. मोरीवरच वळलो असतो तर शर्यत तीनशे मीटरनं कमी भरली असती. आशाताईंची त्यात दोन मिनिटांवर वाचली असती आणि भरतीवाल्याचं एक मिनिट. म्हणजे लहान रस्त्यानं सगळ्यांचा फायदा सारखा होत नाही, हळू माणसाचा जास्त होतो.

## कोणते पर्याय होते

एक पर्याय वयाच्या गुणकाचा होता. जगभरचे मास्टर्स, म्हणजे पस्तिशीपुढचे, खेळाडू तो वापरतात. सगळे एकत्र सुटतात आणि नंतर वय व लिंग पाहून वेळ कागदावर सुधारला जातो. कागदावर ते न्याय्य आहे, पण पारावर बसलेल्या माणसाला कोण जिंकलं ते दिसत नाही. शिवाय आशाताई हळू धावतात त्याचं कारण वय नाही. तो पर्याय सोडला.

दुसरा, गट पाडायचे: ज्येष्ठ आधी, मग बाया, मग शाळेची मुलं, शेवटी भरतीवाले, प्रत्येक गटात पाच मिनिटांचं अंतर. सोडायला सोपं आणि ग्रामपंचायतीला हेच हवं होतं. पण यात प्रत्येक गटातला वेगवान माणूस फुकटात जिंकतो. काका आणि किराणावाले दोघेही ज्येष्ठांत, आणि त्यांच्यात पाच मिनिटांचा फरक. तो फरक गटात पुसला जातो.

तिसरा, प्रत्येकाला आपापली वेळ. तोच घेतला, दहा-दहा सेकंदांच्या हिशेबानं. सेकंदावर जाण्यात अर्थ नव्हता, कारण अंदाजच तेवढे बारीक नव्हते.

मग अंदाज कशावर बांधायचा? पाच किलोमीटरची चाचणी घेणं सर्वात चांगलं, हे मला माहीत होतं. पण शर्यतीला बारा दिवस उरले होते, कापसाचा शेवटचा वेचा चालू होता, आणि दोनदा पाच किलोमीटर धावायला अर्धे लोक आले नसते. म्हणून १६०० मीटरची चाचणी घेतली. पुढे जे बिघडलं त्याचं मूळ बरंचसं या निर्णयात आहे.

## वेळ कशी काढली

१६०० वरून ५००० ला जाताना सरपंचांनी सरळ त्रैराशिक मांडलं. अंतर ३.१२५ पट, तर वेळही ३.१२५ पट. पण लांब अंतरावर कोणीच तोच वेग टिकवत नाही. अमेरिकन इंजिनिअर आणि धावपटू पीट रीगल यांनी १९७७ साली यासाठी एक सूत्र मांडलं. अंतराच्या पटीला १.०६ चा घात द्यायचा. मग ३.१२५ पटीऐवजी सुमारे ३.३४६ पट येते. ते मी शाळेच्या कॉम्प्युटरवर घातलं:

```
C2: =B2*(5000/1600)^1.06
D2: =MAX(C$2:C$18)-C2
```

B मध्ये चाचणीचा वेळ सेकंदांत, C मध्ये पाच किलोमीटरचा अंदाज, D मध्ये थांबायचा वेळ. D नंतर दहा सेकंदांवर आणला. पाच जणांचे आकडे असे:

| धावणारा | १६०० चाचणी | ५ किमी अंदाज | सुटायची वेळ |
|---|---|---|---|
| आशाताई | १०:४० | ३५:४२ | ०:०० |
| दूधवाले काका | ८:३० | २८:२७ | ७:२० |
| दहावीची मुलगी | ७:०० | २३:२५ | १२:२० |
| धाकटा भरतीवाला | ६:१० | २०:३८ | १५:०० |
| थोरला भरतीवाला | ५:२० | १७:५१ | १७:५० |

आशाताईंचा वेळ थोरल्याच्या बरोबर दुप्पट. म्हणजे त्या अर्धा रस्ता संपवून धुऱ्यावर वळसा घेतील, त्याच क्षणाला पारापाशी थोरल्याला सोडायचं. हे ऐकून पारावरचे म्हातारे हसले. एक जण म्हणाला, “पोट्टं पाच किलोमीटर पळणार अन् बाई अडीच, अन् दोघं संगच येणार? जमत नाही बावा.” त्रैराशिकानं थोरला १६:४० ला सुटला असता. रीगलच्या सूत्रानं तो आणखी सत्तर सेकंद थांबला, म्हणजे त्याच्या वेगानं तीनशे-सव्वातीनशे मीटर. सरपंचांना हे पोरांवर अन्याय करणारं वाटलं. मी सूत्रावर ठाम राहिलो. आज पुन्हा तेच केलं असतं का? आकड्यांवरून सांगतो.

चाचणीत आणखी एक गोष्ट झाली. धाकटा भरतीवाला रोज थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून पळतो, आणि चाचणीत त्याला ६:१० लागले. शेवटचे दोन राउंड तो मागच्याशी बोलत होता. मला ते दिसलं. त्याच्या सरावाच्या वहीत महिन्यापूर्वीचा ५:२७ लिहिलेला आहे, हेही एका पोरानं हळूच सांगितलं. पण सगळ्यांचा हिशेब चाचणीवर करायचा असं मी जाहीर केलं होतं, आणि एकट्याला वेगळा नियम लावायचा धीर मला झाला नाही. वहीतला वेळ धरला असता तर त्याचा अंदाज १८:१४ आला असता आणि तो १७:३० ला सुटला असता. तो १५:०० ला सुटला.

## शर्यतीचा दिवस

सकाळी सात वाजता घड्याळ सुरू केलं. घड्याळ एकच, टेबलावर ठेवलेल्या मोबाईलचं, आणि ते शेवटपर्यंत थांबवायचं नाही. फळ्यावर नंबर आणि सुटायची वेळ. माझा सहकारी माइकवर दर मिनिटाला वेळ सांगत होता आणि सुटण्याआधी दहा सेकंद नंबर पुकारत होता. वळणाच्या दगडापाशी एक विद्यार्थी वहीत टिक करायला.

सोडताना एकच घोटाळा झाला. १७:२० ला सुटायचा एक भरतीवाला लघवीला गेला होता, तो ४० सेकंद उशिरा आला. घड्याळ कोणासाठी थांबणार नव्हतं, तो १८:०० ला सुटला. सुदैवानं टेबलावरच्या मुलीनं फळ्यावरची वेळ न लिहिता खरी सुटायची वेळ लिहिली. नाहीतर त्याच्या धावण्यात ४० सेकंद फुकट जोडले गेले असते, आणि पुढच्या वेळी तेवढी सवलत त्याला आपोआप मिळाली असती.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. उशिरा सुटणाऱ्या पोरांनी पावणेसातलाच अंग गरम केलं होतं, आणि मग जानेवारीच्या थंडीत वीस-पंचवीस मिनिटं उभी राहिली.

३३:३० ला पहिले आले ते दूधवाले काका. मागोमाग ३३:५० ला धाकटा. ३४:०५ ला आशाताई, तिसऱ्या. त्यांच्या मुलीनं त्यांना दोर ओलांडू दिला नाही, आधीच मिठी मारली, तिला बाजूला करावं लागलं. मग किराणावाले आणि माझा सहकारी. दहावीची मुलगी ३६:०० ला. थोरला ३७:१० ला, आणि उशिरा सुटलेला तो पोरगा ३८:२० ला, सगळ्यात शेवटी. सगळे ३५:४२ च्या आसपास यायला हवे होते. प्रत्यक्षात पहिला आणि शेवटचा यांत ४ मिनिटं ५० सेकंदांचं अंतर पडलं.

लोक खूश होते. थोरला दोरापासून दोन पावलांवर मातीत बसला. “सर, हे काय केलं? दिसत तं होते सगळे, पण हाताले एकबी लागला नाही.”

## काय चुकलं हे कसं कळलं

त्या रात्री मी प्रत्येकाच्या पोचण्याच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करून खरा धावलेला वेळ काढला आणि अंदाजाशी लावून पाहिला. यात एक गोष्ट बघायची असते. चुका कोणाच्याही बाजूनं, कशाही पडल्या असतील, तर ते त्या दिवशीचं नशीब. पण सुटण्याच्या क्रमानं यादी लावल्यावर चुका एका दिशेनं झुकत असतील, तर मोजायचा पायाच वाकडा आहे. आमची यादी स्वच्छ झुकलेली होती. आधी सुटलेले चार मोठे लोक अंदाजापेक्षा एक ते सव्वादोन मिनिटं लवकर, मुलगी जवळपास बरोबर, आणि धाकटा सोडून चारही भरतीवाले एक ते दोन मिनिटं उशिरा.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. १.०६ चा घात हा त्या-त्या अंतराची तयारी असलेल्या माणसासाठी आहे. आमची पोरं वर्षभर फक्त १६०० पळतात. पहिल्या दोन किलोमीटरला ती सूत्राच्या पुढे असतात आणि तिसऱ्यात विझतात. थोरल्याला ५ किलोमीटरला १९:२० लागले, म्हणजे १६०० च्या वेळेच्या ३.६२५ पट. त्याचा स्वतःचा घात १.१३ निघतो.

काकांचं उलट होतं. त्यांची पट ३.०८ आली, म्हणजे पाच किलोमीटर ते चाचणीपेक्षाही जास्त वेगानं धावले. असं शरीरानं होत नाही. याचा अर्थ चाचणीत ते पूर्ण जोरानं धावलेच नव्हते. विचारलं तर म्हणाले, “त्या दिवशी पायात चप्पल होती. अन् पोट्ट्यांसमोर गोल-गोल पळाले लाज वाटते.” शर्यतीला पोराचे बूट घालून आले होते.

म्हणजे सरपंचांचं ‘पोरांवर अन्याय’ हे म्हणणं निकालात खरं ठरलं, पण त्यांचं त्रैराशिकही कामाचं नव्हतं. त्यानं थोरला ३६:०० ला पोचला असता आणि पारावर समाधान झालं असतं. मुळात प्रत्येकाची पट वेगळी होती, ती कोणत्याही एका आकड्यानं दुरुस्त झाली नसती.

## काका आणि धाकटा

सगळ्यात कठीण निर्णय इथला. काकांनी अंदाजापेक्षा ८ टक्के चांगला वेळ काढला. धाकट्यानं जवळपास ९ टक्के: अंदाज २०:३८, धावला १८:५०. पाच किलोमीटर तो थोरल्याहूनही वेगानं धावला, हे सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या बक्षिसाचा स्टीलचा डबा त्याच्या हातात होता आणि बाकीची पोरं चिडली होती. ‘पाच टक्क्यांपेक्षा जास्त सुधारला की बाद’ असा नियम लावा, अशी मागणी आली. स्टॉवेलसारख्या पैशाच्या शर्यतींत आधी मुद्दाम हळू धावल्याचा संशय आला की पंच खेळाडूला जाब विचारतात, दंडही करतात. इलाज नवा नाही.

पण तो नियम लावला तर काकाही बाद. नुसत्या टक्क्यावरून चप्पल आणि लबाडी यांतला फरक कळत नाही. फरक कळला तो दुसऱ्या नोंदीवरून. धाकट्याच्या वहीत ५:२७ होता, काकांची वहीच नव्हती. मी डबा धाकट्याकडेच राहू दिला, कारण आधी सांगितलेला नियम त्यानं मोडला नव्हता. पुढच्या वेळेसाठी मात्र दोन गोष्टी फळ्यावर लिहिल्या. एक, अंदाज माणसाच्या माहीत असलेल्या सर्वात चांगल्या वेळेवरून निघेल, मग ती नोंद कुठलीही असो. दोन, कोणी सुधारला तर पुढच्या शर्यतीत सुधारणा पूर्ण धरली जाईल, पण मागे पडला तर मागे पडल्याच्या निम्मंच धरलं जाईल. हळू धावून सवलत कमवायला मग दोन-तीन शर्यती वाया घालवाव्या लागतात, आणि स्टीलच्या डब्यासाठी एवढी मेहनत कोणी करत नाही.

थोरल्यानं लगेच विचारलं, “मग माझं काय? मी तं मागं पडलो.” अंदाज १७:५१, धावला १९:२०, निम्मं धरलं तर १८:३५. बरीच चर्चा झाली. मी १९:२० पूर्ण धरले. १७:५१ हा त्याचा वेळ नव्हताच, तो माझ्या सूत्राचा होता. निम्म्याचा नियम पाच किलोमीटरच्या दोन खऱ्या वेळांमध्ये लागतो. याच न्यायानं पहिल्या शर्यतीतले सगळेच वेळ पूर्ण धरले.

## दुसरी शर्यत

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, त्याच रस्त्यावर. चाचणी नाही, पाया २६ जानेवारीचा खरा वेळ. अंदाज आता पक्के होते म्हणून पाच सेकंदांवर आलो. आशाताई ०:०० ला, काका ७:५५, मुलगी १०:२५, थोरला १४:४५, धाकटा १५:१५. आता सगळ्यात शेवटी धाकटा. फळ्यावर आपलं नाव तळाशी पाहून तो काही बोलला नाही, थोरलाच त्याच्याकडे पाहून हसला. अंग गरम कधी करायचं हे प्रत्येकाला आपापल्या वेळेप्रमाणे आदल्या दिवशी सांगितलं.

सोळा जण धावले. ३३ मिनिटं होईपर्यंत नहराच्या रस्त्यावर नुसती धूळ दिसत होती. मग त्या धुळीतून आठ-दहा जण एकदमच बाहेर पडले, आणि पारावर कोणी बसलेलं राहिलं नाही. मुलगी ३३:२० ला, थोरला ३३:४५, धाकटा ३४:१०, आशाताई ३४:२०, काका ३४:२५. पहिल्या बारा जणांत सत्तर सेकंदांचं अंतर होतं. शेवटचा ३५:२५ ला, म्हणजे पूर्ण फरक २ मिनिटं ५ सेकंद. जानेवारीच्या निम्म्याहूनही कमी.

आणि नेमका तिथंच आमचा दोर कमी पडला. सत्तर सेकंदांत बारा माणसं म्हणजे सरासरी दर सहा सेकंदांना एक, पण ती सरासरी झाली. प्रत्यक्षात तीन-तीन जण एकाच श्वासात येतात. पोचणाऱ्याच्या हातात क्रमाची चिठ्ठी द्यायची आणि नंबर वहीत लिहायचा, ही दोन्ही कामं एकाच मुलाकडे होती. सातवा आणि आठवा त्यानं उलटे लिहिले. किराणावाल्यांच्या नातवानं मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता म्हणून ते सुटलं. तोही आडवा, दोराच्या रेषेतून नव्हे, तिरका. तीनदा थांबवून पाहावा लागला. हिशेब जितका बरोबर जमेल तितकी शेवटी गर्दी वाढणार, हे साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. जानेवारीत हिशेब चुकला म्हणून नोंदी नीट झाल्या होत्या.

## पुन्हा करायचं तर

पहिल्या वेळी सतरा जणांना कसंही करून एकदा पाच किलोमीटर धावायला लावीन, शर्यत म्हणून नाही, नुसतं वेळ घ्यायला. ते जमणारच नसेल तर पहिली शर्यत बक्षिसाविना घ्यावी आणि तिलाच चाचणी म्हणावं. १६०० वरूनच काढायची वेळ आली, तर भरतीवाल्यांना ३.५ पट धरून पाहीन. आमच्या पोरांना ती जवळची वाटते, दुसऱ्या गावच्या पोरांचं सांगता येणार नाही. धाकट्याच्या बाबतीत चाचणी चालू असतानाच त्याला बाजूला घेऊन वहीबद्दल विचारायला हवं होतं.

दोरापाशी तीन माणसं हवीत: एक नंबर मोठ्यानं म्हणणारा, एक लिहिणारा, एक चिठ्ठ्या देणारा. दोराच्या रेषेत खांबाला बांधलेला एक मोबाईल. आणि दोराच्या पुढे दोन दोऱ्यांची अरुंद गल्ली, म्हणजे पोचलेले आपल्या क्रमानंच पुढे सरकतील, मागे वळून गप्पा मारत उभे राहणार नाहीत.

एप्रिलमध्ये शर्यत घ्यावी असं पोरांचं म्हणणं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. आमच्याकडच्या उन्हात सगळेच मंदावतात, पण जो पस्तीस मिनिटं रस्त्यावर असतो तो एकोणीस मिनिटं धावणाऱ्यापेक्षा जास्त मंदावतो. थंडीतले वेळ घेऊन सोडलं तर आशाताई आणि काका हमखास मागे पडतील, आणि ती चूक पुन्हा एकाच दिशेची असेल. घ्यायचीच तर साडेपाचला, पहिल्या उजेडात.

मुलीचा नवा वेळ २२:५५ झाला. पंचेचाळीस सेकंदांची सुधारणा पूर्ण धरली आणि आशाताई पंधरा सेकंद मागे पडल्या त्याचं निम्मं, म्हणून पुढच्या वेळी ती १०:२५ ऐवजी ११:१५ च्या सुमारास सुटेल. तिनं स्वतःच फळ्यावरचा जुना आकडा पुसला आणि नवा लिहिला. मग मला विचारलं, “सर, आशाताई सुधरल्या तं मी लवकर सुटीन नं?” बरोबर होतं. आशाताई सगळ्यांच्या आधी सुटतात, त्यांचा वेळ कमी झाला की मागच्या प्रत्येकाचं थांबणं तितकंच कमी होतं. दुसऱ्या दिवसापासून ती आशाताईंना सकाळी उठवायला जाते आहे.